नव्वद दिवसांची आठवण

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे, पाच वाजण्याच्या सुमारास, सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून तीन शीत-ट्रक बाहेर पडले. निघण्याआधी गाड्यांची पूजा झाली होती. आत कोविशील्डच्या ४७८ पेट्या होत्या आणि रस्ता पुणे विमानतळाचा होता. सीरमचं मोठं आवार मांजरीत असल्यामुळे इथल्या एखाद्या शाळेला त्या सकाळच्या बातमीपत्राचा मिनिटभराचा तुकडा आपल्या संग्रहात हवासा वाटणं अगदी साहजिक आहे. त्यासाठी स्थानिक वृत्तवाहिनीला पत्र लिहायचं. पण ते पत्र पोचल्यावर वाहिनीत कुणी काय शोधतं, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आपण पडद्यावर जे बघतो ते तयार अवस्थेत कुठेच ठेवलेलं नसतं. फाटकावर कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं वेगळी, संपादन करून रचलेली बातमी वेगळी. निवेदिका बोलते ती स्टुडिओत, त्याच क्षणी. खालून सरकणारी पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, वाहिनीचं बोधचिन्ह हे सगळं प्रसारण कक्षात अगदी शेवटच्या टप्प्यावर चढतं. म्हणजे मांजरीतल्या घराघरात त्या सकाळी दिसलेलं चित्र जन्मलं आणि त्याच क्षणी पुढे निघून गेलं!

ते पकडून ठेवणारं एक यंत्र मात्र असतं. त्याला लॉगर म्हणतात. बाहेर जाणारं प्रसारण ते रात्रंदिवस, तारीख-वेळेसकट नोंदवत राहतं. सरकारी नियमानुसार वाहिनीला प्रसारणाची नोंद ९० दिवस ठेवावीच लागते, आणि लॉगर त्यासाठीच असतो. ही नोंद साधारण हलक्या दर्जाची का असते, ते हिशेब केला की कळतं. सेकंदाला २ मेगाबिट या दराने एका दिवसाचे सुमारे २२ जीबी होतात आणि ९० दिवसांचे जेमतेम २ टीबी. तेच संपादनाच्या दर्जाने, ५० मेगाबिटने ठेवायचं म्हटलं तर जवळपास ४९ टीबी लागतील. म्हणून चित्र थोडं धूसर ठेवलं जातं आणि मुदत संपली की जुन्या दिवसावर नवा दिवस लिहिला जाऊ शकतो.

१२ जानेवारीपासून नव्वदावा दिवस १२ एप्रिल २०२१ ला आला. शाळांचे वर्ग तेव्हा बहुतांशी बंदच होते, त्यामुळे संग्रहाचा विचार कुणाच्या मनात आला असण्याची शक्यता कमी. आज पत्र लिहिणाऱ्याने हे गृहीत धरावं की त्या पहाटेचं जसंच्या तसं प्रसारण बहुधा उरलेलं नाही. संपादित बातमी मात्र वाहिनीच्या संग्रहात सापडू शकते, कारण वर्षपूर्तीला किंवा पुढच्या बातम्यांत तीच दृश्यं पुन्हा लागतात. पत्राने म्हणूनच एकच वस्तू मागून थांबू नये:

‘मा. संपादक, सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेच्या संग्रहासाठी १२ जानेवारी २०२१ रोजी सकाळी ६ ते ९ च्या दरम्यान आपण दाखवलेली, सीरममधून लशीचे ट्रक निघाल्याची बातमी हवी आहे. प्रसारित झालेलं रूप उपलब्ध असल्यास ते, नसल्यास संपादित बातमी, तीही नसल्यास आपल्या कॅमेऱ्याने घेतलेली दृश्यं मिळावीत. एक मिनिट पुरेसं आहे. चित्रफीत शाळेतच दाखवली जाईल, इंटरनेटवर टाकली जाणार नाही. प्रत जपून ठेवण्यास व वर्गात दाखवण्यास लेखी परवानगी द्यावी, ही विनंती.’

यातला ‘आपल्या कॅमेऱ्याने’ हा शब्दप्रयोग मोलाचा आहे. वाहिन्या अनेकदा वृत्तसंस्थेकडून घेतलेली दृश्यं दाखवतात, आणि ती दुसऱ्याला द्यायचा अधिकार वाहिनीकडे असेलच असं नाही. आलेल्या फितीच्या कोपऱ्यात दुसऱ्याच संस्थेचं बोधचिन्ह दिसलं, तर तेवढ्या भागासाठी त्या संस्थेला वेगळं पत्र लिहावं लागतं.

परवानगीही लेखीच हवी. कॉपीराइट कायद्याचं ३९ वं कलम खऱ्याखुऱ्या अध्यापनासाठी प्रसारणाचा अंश वापरायला मोकळीक देतं. पण वर्गात दाखवणं निराळं आणि वर्षानुवर्षं जपून पाहुण्यांना, माजी विद्यार्थ्यांना दाखवणं निराळं. प्रसारणावरचा वाहिनीचा हक्क पुढच्या वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षं चालतो, म्हणजे २०२१ च्या बातमीचा २०४६ संपेपर्यंत. तेव्हा आज पत्र लिहिणाऱ्या शिक्षिका शाळेत नसतील, वाहिनीतले संपादकही बदललेले असतील. म्हणून वाहिनीचं उत्तर, मूळ पत्राची प्रत आणि फीत एकाच ठिकाणी ठेवावी आणि फाइलच्या नावातच तारीख लिहावी. फितीतलं कोपऱ्यातलं घड्याळ शाबूत असेल तर ती वेळही संग्रहाच्या नोंदवहीत उतरवावी, कारण ‘प्रसारित रूप’ मिळालं की नुसती संपादित बातमी, हे पुढच्या माणसाला त्यावरूनच ओळखता येईल.