बेदाण्याचं पार्सल: ॲपमध्ये वजन-मापं भरताना पैसे कुठे गळतात



आपल्यापैकी बरेच जण आता बेदाणा थेट गिऱ्हाईकाला कुरिअरने पाठवतात. ऑर्डर आली, ॲपमध्ये वजन टाकलं, लांबी-रुंदी-उंची टाकली, भाडं दिसलं, लेबल छापलं. त्या वेळी दिसलेलं भाडं हेच अंतिम भाडं असं आपण धरून चालतो, पण ते तसं नसतं. आपण भरलेल्या आकड्यांवरून केलेला तो अंदाज असतो. पार्सल हबवर पोचल्यावर तिथलं यंत्र त्याचं वजन करतं आणि तिन्ही बाजू मोजतं. फरक निघाला तर जादा रक्कम काही दिवसांनी आपल्या वॉलेटमधून परस्पर कापली जाते. गिऱ्हाईकाकडून मात्र पैसे आधीच ठरल्याप्रमाणे आलेले असतात, त्यामुळे ही कपात आपल्याच नफ्यातून जाते.

भाडं कसं ठरतं ते आधी बघू. कुरिअरवाला दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याने गाडीत किती जागा अडवली त्यावरून काढलेलं, त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. ते असं निघतं:

लांबी × रुंदी × उंची (सेंमी) ÷ ५००० = किलो

दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर भाडं. देशांतर्गत कुरिअरमध्ये बहुतेक ठिकाणी ५००० नेच भागतात, तरी आपल्या सेवेच्या दरपत्रकात हा आकडा एकदा बघून घ्या, कारण भाजक लहान असेल तर वजन आणखी वाढतं. मग येतो स्लॅब. बऱ्याच सेवांत तो अर्ध्या किलोचा असतो. म्हणजे १ किलो १० ग्रॅम भरलं की दीड किलोचे पैसे.

आता एक उदाहरण धरू. दर समजण्यापुरते घेतले आहेत: पहिल्या अर्ध्या किलोला ४० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५, वर १८ टक्के जीएसटी. एक किलो बेदाणा गिऱ्हाईकाला ४२० रुपयांना, भाड्यासकट. मालाची किंमत २५० धरा, पाउच-खोका-टेप मिळून २५.

घरात १२ × १० × ६ चा खोका पडलेला आहे, त्यात एक किलोचा पाउच ठेवला आणि बाजूने कागद कोंबले. ॲपमध्ये वजन टाकलं १ किलो, आणि मापं टाकली १२, १०, ६. ॲपने भाडं दाखवलं ७५ रुपये, जीएसटीसह ८८.५०. हातात उरणार ५६.५०. बरं वाटलं.

इथे दोन गोष्टी चुकल्या. पहिली, एक किलो हे आतल्या मालाचं वजन झालं. पाउच, खोका, कागद, टेप धरून तेच पार्सल साधारण १ किलो १५० ग्रॅम भरतं. दुसरी चूक मोठी. खोकेवाला माप सांगतो ते इंचात, आणि ॲपमधला रकाना असतो सेंटिमीटरचा. १२ × १० × ६ इंच म्हणजे ३०.५ × २५.४ × १५.२ सेंटिमीटर. ५००० ने भागलं तर २.३६ किलो. स्लॅब अडीच किलोचा. भाडं १८० रुपये, जीएसटीसह २१२.४०. म्हणजे ५६.५० रुपये नफा दाखवणाऱ्या ऑर्डरवर प्रत्यक्षात ६७.४० रुपयांचा तोटा. आणि हे कळणार आठवड्याने, तोवर अशीच आणखी वीस पार्सलं गेलेली असतात.

त्यात खोका नीट बंद झाला नाही आणि वरचं झाकण फुगलं, तर यंत्र फुगवट्याचा सर्वात उंच भाग मोजतं. याच खोक्याची उंची १५.२ ची १७ सेंटिमीटर झाली की वजन होतं २.६३ किलो, म्हणजे तीन किलोचा स्लॅब. जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरचे ३५ रुपये आणि जीएसटी. म्हणून माप खोकेवाल्याच्या बिलावरचं घ्यायचं नाही. माल भरून, टेप मारून झाल्यावर बाहेरून, जिथे सर्वात जास्त भरेल तिथे टेपने मोजायचं.

मग लहान खोका घेतला तर? एक किलो बेदाण्याला २० × १५ × ८ सेंटिमीटरचा खोका पुरेसा होतो. त्याचं व्हॉल्युमेट्रिक वजन अर्ध्या किलोच्या आत येतं, त्यामुळे आता काट्यावरचं वजन चालेल. खोका लहान, कागद कोंबायचे नाहीत, तरी ते भरतं १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. स्लॅब दीड किलो, भाडं जीएसटीसह १२९.८०, हातात १५.२०. तोटा टळला, पण सुरुवातीला दिसलेले ५६.५० कुठल्याच खोक्यात मिळणार नव्हते. एक किलोचा पुडा या स्लॅबमध्ये मुळात अडचणीचाच आहे, चारशे ग्रॅम रिकाम्या हवेचं भाडं आपण भरतो.

आमच्या मते इथे पुड्याचं वजनच बदलायला हवं. दीड किलोच्या स्लॅबमध्ये १३५० ग्रॅम बेदाणा बसतो, खोक्यासकट साधारण १४५० ग्रॅम. भाडं तेच १२९.८०. त्याच दराने विक्री ५६७ रुपये, माल ३३७.५०, पॅकिंग २५. हातात उरतात ७४.७०. स्लॅबच्या अगदी काठावर मात्र जाऊ नका, निदान ४०-५० ग्रॅम मोकळे ठेवा. घरच्या काट्यात आणि हबच्या काट्यात थोडा फरक येतोच. पाउचवर निव्वळ वजन १.३५० किलो असंच छापलेलं हवं.

आणखी एक जागा, जिथे हमखास घोळ होतो. ॲपमध्ये एकदा भरलेली मापं पुढच्या ऑर्डरला आपोआप येतात. एकाच गिऱ्हाईकाने दोन पुडे मागितले, आपण मोठा खोका घेतला, पण ॲपमध्ये जुनीच मापं राहिली. खोका बदलला की आकडे बदला. दोन-तीन ठरावीक मापाचेच खोके वापरले तर प्रत्येकाचं भरलेलं वजन आणि बाहेरची मापं पुठ्ठ्यावर लिहून काट्याजवळ लावता येतात.

ताज्या द्राक्षांची गोष्ट वेगळी. थर्मोकोलच्या जाड भिंती आणि थंड ठेवणाऱ्या जेलच्या पिशव्या यामुळे आकार आणि वजन दोन्ही वाढतं. पाव किलोच्या हौसेच्या ऑर्डरी तिथे परवडतच नाहीत.

कापणी झाली का ते कसं ओळखायचं? आठवड्यातून एकदा वॉलेटचं स्टेटमेंट उघडा. आपण भरलेलं वजन आणि "Charged Weight" शेजारी ठेवून बघा. "Weight Discrepancy" असा भाग असेल तर तिथे फरक पडलेली पार्सलं दिसतात. सगळ्याच पार्सलांत एकसारखा फरक असेल तर चूक आपल्या मापात आहे. एखाद्याच पार्सलात मोठा फरक असेल तर हबवरची मोजणी चुकलेली असू शकते, तिथे हरकत घ्यावी. हरकतीला मुदत मोजक्याच दिवसांची असते, नंतर ती रक्कम मान्य धरली जाते.

हरकतीला फोटो लागतात, आणि ते पार्सल गेल्यावर काढता येत नाहीत. लेबल लावल्यावर चार फोटो काढा: काट्यावर ठेवलेलं पार्सल, आकडा आणि लेबलवरचा नंबर दोन्ही दिसतील असं, आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावून एकेक. टेपचा शून्य खोक्याच्या कडेला टेकलेला दिसला पाहिजे, नाहीतर हरकत फेटाळतात.

एक लक्षात ठेवा, पार्सल परत आलं तर परतीचं भाडंही साधारण या वाढीव वजनावरच लागतं. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांनी मोठा खोका आधी बदलावा.