‘जीपी २’ मधला २ कशाचा?

अंबड किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या गावातून पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आईच्या शुगरच्या गोळीचा फोटो येतो. खाली एक ओळ : ‘हे संपत आलंय, इथं मिळंना, तिकडून पाठव.’ फोटोत चंदेरी पत्रा चमकतोय, अर्धी स्ट्रिप कापलेली आहे आणि वाचता येतं ते एवढंच, ‘ग्लायकोमेट जीपी २’. नाव तर मिळालं, म्हणून मुलगा मेडिकलमध्ये जातो आणि काउंटरवरचा माणूस विचारतो, “साधी की फोर्ट?”

तो प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही. साध्या ‘ग्लायकोमेट जीपी २’ मध्ये मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम असतं. ‘जीपी २ फोर्ट’ मध्ये ग्लिमेपिराइड तेवढंच, पण मेटफॉर्मिन १०००. ‘जीपी १’ घेतली तर मेटफॉर्मिन पुन्हा ५०० आणि ग्लिमेपिराइड निम्मं. म्हणजे नावातला आकडा फक्त ग्लिमेपिराइडचा आहे; मेटफॉर्मिन ५०० की १०००, हे ‘फोर्ट’ हा शब्द असण्या-नसण्यावर ठरतं. आणि स्ट्रिप कापताना तोच शब्द बरोब्बर कात्रीखाली जाऊ शकतो.

हे एकाच ब्रँडचं वैशिष्ट्य नाही. बीपीच्या गोळ्यांतलं ‘टेल्मा’ घ्या. टेल्मा ४० मध्ये एकटं टेल्मिसार्टन. टेल्मा-एच मध्ये त्याच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं औषध. टेल्मा-एएम मध्ये अ‍ॅम्लोडिपिन. शेपटीचं एक अक्षर हललं की औषधच बदलतं. म्हणून ब्रँडचं नाव शोधाच्या सुरुवातीला कामाचं. पण गोळी ओळखायची ती कंटेंटच्या ओळीवरून. मेडिकलवाले बोलतानाही ‘कंटेंट सेम आहे’ असंच म्हणतात, ते उगाच नाही.

ही ओळ स्ट्रिपच्या मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत असते. सुरुवातीला प्रत्येक गोळीत काय आहे ते सांगणारं इंग्रजी वाक्य आणि त्याच वाक्यात गोळीचा प्रकार : कोटिंग नसलेली, फिल्म कोटिंगची, दोन थरांची, जठरात न विरघळणारी. पुढं प्रत्येक औषधाचं नाव, त्यानंतर ‘आयपी’ आणि शेवटी वजन. ‘आयपी’ म्हणजे इंडियन फार्माकोपिया. औषध त्या ग्रंथातल्या कसोटीला उतरतं, असा दावा. ब्रँडचा किंवा दर्जाच्या श्रेणीचा तो शिक्का नाही. त्याखाली रंगाचं नाव असतं, तिथं गोंधळायचं कारण नाही.

‘ग्लायकोमेट जीपी २’ च्या ओळीत मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड ५०० मिलिग्रॅम हे ‘प्रोलाँग्ड रिलीज’ रूपात असल्याचं लिहिलेलं असतं. ते हळूहळू, तासन्‌तास सुटतं. पर्याय शोधताना हे दोन शब्द नावाइतकेच महत्त्वाचे. साध्या मेटफॉर्मिनची गोळी ५०० मिलिग्रॅमचीच असली तरी तो तिचा सरळ पर्याय होत नाही. ब्रँडच्या नावामागं एसआर, ईआर, पीआर, एक्सएल अशी अक्षरं येतात ती याच कारणानं. अशी गोळी चुरून दिली की तासन्‌तास सुटायचं औषध एकदमच सुटतं. गिळता येत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला गोळी कुटून देणारी घरं पुष्कळ आहेत.

वजन वाचतानाही एक खाच आहे. अ‍ॅम्लोडिपिनच्या स्ट्रिपवर ‘अ‍ॅम्लोडिपिन बेसिलेट, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमशी समतुल्य’ अशा अर्थाची ओळ असते. औषध क्षाराच्या रूपात घातलंय. त्या क्षाराचं वजन ७ मिलिग्रॅमच्या आसपास जातं, पण मोजायचे ते ५. तुलना करताना नेहमी ‘समतुल्य’च्या पुढचा आकडा धरायचा. मात्र ‘एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५’ असं दिसलं, तर ती निम्म्या ताकदीची गोळी समजू नका. साध्या अ‍ॅम्लोडिपिनमध्ये एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात; त्यातलं परिणाम करणारं रूपच इथं घेतलेलं असतं, म्हणून साध्या ५ च्या जागी ती २.५ ची येते.

आता फोटो. केंद्रानं २०१८ मध्ये औषध नियम बदलले आणि औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा किमान दोन फाँट मोठं छापणं बंधनकारक केलं. तीन किंवा अधिक औषधांची मिश्रणं आणि जीवनसत्त्वांची मिश्रणं तेवढी वगळली. तरीही नजर जाते ती रंगीत ब्रँडकडेच, आणि फोटो काढणाराही त्यावरच रोख धरतो. फोटो हवा तो मागच्या बाजूचा, पूर्ण आणि सपाट. फ्लॅश बंद ठेवायचा, कारण पत्र्यावर तो पांढरा डाग पाडतो आणि आकडा नेमका त्याखाली जातो. दाराशी, तिरप्या उजेडात स्ट्रिप ठेवून फोन वरून सरळ धरला की अक्षरं उठतात. गोळी काढलेल्या जागी पत्रा फाटून शब्द तुटतो. पण तोच मजकूर पत्र्यावर पुन्हा पुन्हा छापलेला असतो, त्यामुळं दोन-तीन तुकडे जुळवून ओळ पुरी करता येते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं, म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. २.५ मधलं टिंब उडालं तर २५ होतात, आणि थायरॉइडच्या गोळीवर तर मिलिग्रॅम नव्हे, मायक्रोग्रॅम असतात. आकडा शंभर टक्के दिसत नसेल तर अंदाज करायचा नाही, दुसरा फोटो मागायचा.

बॅच नंबर, एक्स्पायरी आणि एमआरपी बहुतेकदा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असतात. मेडिकलवाल्यानं चार गोळ्या कापून दिल्या की ते टोक दुकानात राहतं किंवा तुमच्याकडं येतं. दोघांपैकी एकाकडं तारीख नसते. गोळ्या सुट्या घ्यायच्याच असतील तर तारखेचं टोक शेवटी कापायला सांगावं. ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही आला आहे. तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, उत्पादक, बॅच आणि तारखा कळतात, अर्थात कोड शाबूत असेल तर.

कंटेंट जुळला की पुढचा प्रश्न पैशाचा. तेच मेटफॉर्मिन, तेच ग्लिमेपिराइड, मग एक स्ट्रिप महाग आणि दुसरी स्वस्त कशी? आधी हिशेब गोळीवर आणा. एक स्ट्रिप १० ची असते, दुसरी १५ ची, आणि गिऱ्हाईक एमआरपी बघून मोकळं होतं.

त्यानंतर पत्र्यावरचीच आणखी एक ओळ वाचा, ‘उत्पादक’ आणि ‘विक्रेता’. पुष्कळदा ही दोन नावं वेगळी असतात. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर वाळूज-चिकलठाण्याला औषध कारखाने आहेत. तरी आपल्या हातातली स्ट्रिप सिक्कीमहून नाहीतर हिमाचलातल्या बद्दीहून आलेली असते. तिथले कारखाने अनेक कंपन्यांसाठी गोळ्या बनवून देतात. दोन ब्रँडवर एकच कारखाना आणि एकच उत्पादन परवाना क्रमांक दिसला तर फरक बराचसा कारखान्याबाहेर पडलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

कारखान्याबाहेर काय पडतं? मोठा ब्रँड डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतो, आणि तिथं पोचायला कंपनीला एमआरची फौज पोसावी लागते, सॅम्पल वाटावे लागतात. तो खर्च गोळीवर बसतो. ज्याला धंद्यात ‘जेनेरिक’ म्हणतात त्या मालाला एमआर नसतो. तो स्टॉकिस्टकडून थेट दुकानात जातो आणि तिथं विकणाऱ्याला मार्जिन भरपूर मिळतं. समजा छापील किंमत १०० आहे आणि दुकानदाराला माल २५ ला पडला. त्यानं ५० टक्के सूट दिली तरी त्याचं दुपटीनं सुटतं. म्हणून ‘जेनेरिक’ शब्द ऐकून खूश व्हायचं नाही. हातात बिल किती आलं ते बघायचं.

सरकार किंमत बांधून देत नाही का? देतं, पण पद्धत समजून घ्यायला हवी. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाआधी कमाल किंमत उत्पादन खर्चावरून ठरायची. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधासाठी, बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदारांसाठीच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीवर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात. उदाहरणापुरतं, गोळीचे भाव २, ४ आणि ६ रुपये असतील तर सरासरी ४ आणि कमाल ४.६४. सहावाल्याला खाली यावं लागतं. दोनवाल्याला कुणी काही म्हणत नाही. म्हणजे कमाल किंमत बाजाराच्या चालू भावावरून निघते, आणि त्या छताखाली दुपटीचा फरक कायदेशीरपणे नांदतो.

शिवाय छत यादीतल्या ठरावीक मात्रेला आणि रूपालाच. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड २०२२ च्या यादीत स्वतंत्रपणे आहेत. दोन्हींची एकत्र गोळी नाही. अशा नव्या मिश्रणाला औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था एनपीपीए किरकोळ किंमत ठरवून देते ती अर्ज करणाऱ्या कंपनीपुरती. यादीबाहेरच्या मालावर वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ नको, एवढंच बंधन राहतं. छताचा भाव ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर सापडतो. जनऔषधी केंद्रातली किंमत वेगळ्या वाटेनं येते : माल निविदेनं घेतात, प्रयोगशाळेत तपासतात आणि भाव पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या जास्तीत जास्त निम्मा ठेवतात. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर मूळ नाव टाकून बघता येतं. इथं ब्रँडचं नाव कामाचं नाही.

मग सरसकट बदलावी का? शेड्यूल एचच्या औषधात, म्हणजे उभी लाल रेघ असलेल्या स्ट्रिपमध्ये, चिठ्ठीवर एक असताना दुसरं देण्याची मुभा औषध नियमांतला नियम ६५ मेडिकलवाल्याला देत नाही, कंटेंट सेम असला तरी. डॉक्टरांनी मूळ नाव लिहिलं तर प्रश्न सुटतो. म्हणून पर्यायाचं नाव घेऊन त्यांच्याकडंच जावं. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण मूळ औषधाइतकं होतं का, याची चाचणी परवान्यासाठी २०१७ पासून बंधनकारक झाली. त्याआधीचे परवाने त्यातून गेलेलेच असतील असं नाही. बहुतेक बीपी-शुगरच्या गोळ्यांत हा फरक डॉक्टर महिन्याभरात मोजून बघू शकतात. थायरॉइडची थायरॉक्सिन, फिट्सची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफेरिन इथं मात्र थोडा फरकही जाणवतो. एक ब्रँड लागू पडला की तोच ठेवतात, आणि बदलला तर तपासणी पुन्हा करतात.

सगळ्यात जास्त गडबड होते ती घरातल्या डब्यात. पुण्याहून नवी, स्वस्त स्ट्रिप येते. जुनीच्या सहा गोळ्या अजून शिल्लक असतात. रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून आई दोन्ही घेते. एक ‘पहिली’, एक ‘मुलानं पाठवलेली’. ग्लिमेपिराइड दुप्पट झालं की जेवायला उशीर झालेल्या दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यायचा आणि डॉक्टर गाठायचा. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखान्यात. हे औषध तासन्‌तास अंगात राहतं, म्हणून एकदा बरं वाटलं तरी शुगर पुन्हा उतरू शकते. त्यामुळं नवी स्ट्रिप घरी पोचली की फोनवर आईकडून जुनी डब्याबाहेर काढून घ्यायची आणि नव्या पत्र्यावर मार्करनं लिहायला सांगायचं : ‘शुगरची, जुनीच्या जागी’.