दाढ काढल्यानंतरचा कागद: इंग्रजीतून मराठीत येताना काय निसटतं

आजचा विषय तसा एका कागदाचा आहे. दाढ काढली किंवा रूट कॅनल केलं की जाताना पेशंटच्या हातात एक कागद देतात. घरी गेल्यावर काय करायचं, काय खायचं, परत कधी यायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो इंग्रजी पत्रकावरून मराठीत आणलेला असतो. मराठी शुद्ध असतं, छपाई चांगली असते, आणि तरीही पेशंट नेमकं उलटं करून बसतो. ते का होतं, हे आपण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातला पेशंट डोळ्यापुढे ठेवून बघू.

असं धरा, आहुप्याच्या बाजूची, डोंगरपट्ट्यातली पन्नाशीची एक बाई घोडेगावला आली. खालची दाढ काढली, दुपारचे चार वाजलेत. तोंडात गॉजचा बोळा आहे, ओठ बधिर आहे, बोलता येत नाही. शेवटची एसटी पकडायची घाई आहे. बरोबर मुलगा आहे, कागद त्याच्या खिशात. म्हणजे हा कागद ती स्वतः वाचणारच नाही. रात्री कोणीतरी तिला वाचून दाखवणार. त्यामुळे वाक्य डोळ्यांना कसं दिसतं यापेक्षा कानाला कसं लागतं हे बघायला हवं.

पहिली सूचना बोळ्याची. इंग्रजीत ‘बाइट’ हे क्रियापद असतं, म्हणून मराठीत येतं ‘बोळा अर्धा तास चावून धरा’. आता आपल्याकडे ‘चावणं’ म्हणजे काय? भाकरी चावतात, सुपारी चावतात. बाई बोळा चघळत बसते. प्रत्येक वेळी दाब सुटतो आणि रक्त थांबायचं राहून जातं. इथे ‘दाबून धरा’ हेच हवं. ‘दात दातावर घट्ट दाबून ठेवा. अर्धा ते पाऊण तास. मधे काढून बघू नका. बोलू नका.’ ‘काढून बघू नका’ हे इंग्रजीत बऱ्याचदा नसतं, पण आपण घालावं, कारण घरातले सगळे ‘बघू, बघू’ म्हणत तोंड उघडायला लावतात.

आता यातला मुख्य मुद्दा. दाढ निघाली की तिथे खड्डा राहतो. त्या खड्ड्यात रक्त भरतं आणि घट्ट होतं. तो गडद लाल, जेलीसारखा गोळा खालच्या हाडावरचं झाकण असतो, आणि त्याच्यातूनच पुढे नवीन पेशी येऊन खड्डा भरत जातो. बाकीच्या बहुतेक सूचना, थुंकू नका, चूळ भरू नका, ओढून पिऊ नका, या एकट्या गोळ्यासाठी आहेत. तो जागेवर राहिला पाहिजे.

पण त्याला मराठीत म्हणायचं काय? कागदावर असतं ‘रक्ताची गुठळी’. हा शब्द आपल्याकडे कुठे ऐकू येतो? ‘मेंदूत गुठळी झाली’, ‘हृदयात गुठळी अडकली’. ‘साकळलेलं रक्त’ म्हणा, तर ते तर वाईट रक्त, काढूनच टाकायला हवं अशी समजूत. मग बाई आरशात बघते, काळपट गोळा दिसतो, आणि जिभेने, नाहीतर काडीने तो काढून टाकते. तिला वाटतं आपण जखम साफ केली. कागदात ‘गुठळी हलवू नका’ असं लिहिलेलं होतंच, पण शब्दच घाबरवणारा निघाला.

माझ्या मते इथे ‘खपली’ म्हणावं. गुडघ्यावरची खपली काढली की पुन्हा रक्त येतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोणी म्हणेल, शास्त्राच्या दृष्टीने खपली वेगळी, ती कोरडी असते. मान्य. म्हणून ‘ओली खपली’ लिहा. ‘दाढेच्या जागी काळसर लाल ओली खपली धरेल. ती औषधासारखी आहे. जीभ, बोट, काडी लावू नका.’ अचूकपणा थोडा गेला, पण हात जागेवर राहिला.

याच धाग्यावर पुढे चला. ‘चोवीस तास गुळण्या करू नका.’ दाढ चारला काढली, बाई झोपून उठली, सकाळचे सहा वाजले. तिच्या हिशेबात ‘कालची’ गोष्ट झाली. सकाळी चूळ भरल्याशिवाय चहा घ्यायची आपल्याकडे रीत नाही. ती खळखळून चूळ भरते. प्रत्यक्षात चौदाच तास झालेत! त्यामुळे कागदावर एक रिकामी जागा ठेवा आणि पेनाने भरा: ‘उद्या, मंगळवारी, दुपारी चार वाजेपर्यंत चूळ नाही, गुळणी नाही. सकाळची चूळसुद्धा नाही.’ हे शेवटचं वाक्य लिहिलंच पाहिजे.

आणि त्यानंतर मिठाच्या पाण्याच्या ज्या गुळण्या सांगतात, त्यातही घोळ आहे. गुळणी म्हणजे मान वर करून घशात खळखळ, आणि चूळ म्हणजे गाल फुगवून जोरात पिचकारी. आपल्याला यातलं काहीच नको. एक पेला कोमट पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घ्यायचा, मान हळू त्या बाजूला कलती करायची, थोडं थांबायचं, आणि वाकून तोंड नुसतं उघडायचं. पाणी आपोआप पडू द्यायचं. थुंकायचं नाही. जेवणानंतर दर वेळी. यासाठी मराठीत एक शब्द नाही, म्हणून चार वाक्यं लागली तरी चालतील.

थोडं रक्ताबद्दल. पहिल्या दिवशी लाळ लालसर येते. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की खूप वाटतं, माणूस घाबरतो, थुंकत राहतो, आणि थुंकण्याच्या ओढीने खपली सुटते. म्हणून ‘रक्तस्राव’ हा एकच शब्द वापरून भागत नाही. ‘लाळ लालसर असेल तर गिळा, घाबरू नका. रक्त वाहून तोंड भरत असेल तर स्वच्छ सुती कापडाची जाड घडी ओली करून, पिळून, त्या जागेवर ठेवा आणि ताठ बसून अर्धा तास दाबून धरा. तरी थांबलं नाही तर तसंच दाबून दवाखान्यात या, रात्र असली तरी.’ कापडाची घडी नुसत्या कापसापेक्षा बरी, कापसाचे धागे जखमेला चिकटतात. काही इंग्रजी पत्रकांत चहाची पिशवी दाबायला सांगतात. तेही भाषांतरात जसंच्या तसं आलेलं असतं. आपल्या घरात चहाची भुकटी असते, पिशवी कोणाकडे?

रक्त पातळ करायची गोळी जे घेतात त्यांनी ती आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि दुखण्यासाठी म्हणून अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही. हे दोन्ही वेगवेगळ्या वाक्यांत लिहा. एकत्र लिहिलं की लोक दोन्ही गोळ्या एकच समजतात.

मिश्री हा या भागातला खास मुद्दा. कागदावर असतं ‘धूम्रपान व तंबाखू टाळा’. बाईला विचारा, तंबाखू खाता का? ती म्हणेल, नाही हो. आणि ते खोटं नसतं. कारण ती मिश्री लावते, आणि मिश्री तिच्या मनात ‘दात घासायची’ वस्तू आहे. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि ती बोटाने हिरडीवर चोळायची, म्हणजे थेट ताज्या जखमेवर. त्यामुळे नाव घेऊन लिहा: ‘मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी, सिगारेट नाही.’ बिडीत आणखी एक गोष्ट आहे. ती ओढावी लागते. तो झुरका आतून खपली खेचतो. स्ट्रॉ नको म्हणतात त्याचं कारण तेच, फक्त आपल्याकडे स्ट्रॉपेक्षा बिडी जास्त.

जेवणाचं लवकर सांगतो. ‘सॉफ्ट डाएट’चं ‘मऊ आहार’ केलं तर पुढे माणूस विचारणारच, म्हणजे काय? बाजरीची भाकरी कोरडी असेल तर तिचे कण खड्ड्यात जातात. तीच गार दुधात भिजवून, कुस्करून चालते. मऊ भात, वरण, खिचडी, केळं, दही चालेल. पहिल्या दिवशी गरम काही नाही, आणि बधिरपणा जाईपर्यंत तर काहीच खायचं नाही, कारण ओठ किंवा जीभ चावली तरी कळत नाही. आणि हेही लिहा की उपाशी राहू नका. ‘पथ्य’ हा शब्द आला की आपल्याकडे बरेचजण खाणंच सोडतात आणि रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेतात.

आता परत कधी यायचं. ‘गरज वाटल्यास संपर्क साधा’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. डोंगरातल्या माणसाला एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी, त्याला गरज शक्यतो वाटतच नाही. गरज म्हणजे काय ते सांगा.

दाढ काढल्यावर दुखणं पहिल्या दोन दिवसांत कमी होत जायला हवं. ते कमी होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा उसळलं, ठणका कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास आला, गोळीने आराम पडेना, तर खपली निघून खालचं हाड उघडं पडलेलं असू शकतं. डॉक्टर याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. याचं मराठी मी ‘कोरडी जखम’ असं झालेलं पाहिलं आहे. आणि मराठीत जखम सुकली म्हणजे काय? बरी झाली! म्हणजे ज्या अवस्थेत पेशंटने धावत यायला हवं, तिचं नाव आपण ‘बरं झालं’ असं ठेवलं. नावच देऊ नका. ‘तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं तर या’ एवढं पुरे. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, बऱ्याचदा लवकर उतार पडतो. उलट, तिसऱ्या दिवशी खड्ड्यावर पांढरट थर दिसला आणि दुखणं उतरत असलं, तर तो पू नाही, खरवडू नका.

सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, घोट उतरेना, श्वासाला त्रास होऊ लागला, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं, आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन.

टाके काढायला ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो आपण. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा. कोणी सातवा दिवस धरतो, कोणी नववा. वार आणि तारीख लिहा.

राहिलं रूट कॅनल. बऱ्याच ठिकाणी दोन्हींना एकच कागद देतात, ते चुकीचं आहे. रूट कॅनलमध्ये दात जागेवर असतो, खड्डा नाही, खपली नाही, चूळ भरायला हरकत नाही. चावताना दोन-चार दिवस दुखणं चालतं. तो दात बाकीच्यांच्या आधी लागत असेल, तर मात्र येऊन घासून घ्यायचा. इथे अडचण उलटी आहे: पहिल्या-दुसऱ्या बैठकीत दुखायचं थांबतं आणि माणूस येत नाही. आत तात्पुरतं, कच्चं सिमेंट असतं. ते काही आठवड्यांत झिजतं, फटीतून जंतू परत आत जातात, आणि पूर्वीचं सगळं काम वाया. म्हणून तारखेपुढे मोठ्या अक्षरांत: ‘दुखत नसलं तरी या. सिमेंट पडलं तर तारखेच्या आधी या. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने ऊस, हरभरे, सुपारी चावू नका, दात उभा चिरतो.’ ऊस मुद्दाम लिहिला. आपल्याकडे गळीत हंगामात तो ज्याच्या-त्याच्या हातात असतो.

कागद बरोबर उतरला का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. बरोबरच्या मुलाला विचारा, ‘उद्या सकाळी उठल्यावर आईने काय करायचं नाही?’ तो ‘चूळ भरायची नाही’ म्हणाला, तर त्यांना एसटीला सोडायला हरकत नाही.