खरा नंबर कुणी लपवला?

१ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय बंद झाली. चोरांची एक वाट बुजली, बरं झालं. पण नंतर आमच्या नेरूळच्या सोसायटीतले मास्तर लुटले गेले, ते या वाटेने नव्हेच, एका खोट्या फोन नंबरामुळे.

नवी मुंबईत एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी घरोघरी होती, त्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. त्यातला नंबर रस्त्यावरचा कुणीही सोम्यागोम्या बदलू शकत नसे, एवढंच. मला राग आहे तो नोव्हेंबर २०१६ नंतरच्या दशकाचा. नोटबंदीने सगळ्यांना मोबाइलवर ढकललं आणि त्याच सुमारास कंपन्यांनी आपले फोन नंबर गुंडाळायला सुरुवात केली. 'तक्रार अ‍ॅपमध्ये नोंदवा', 'एक दाबा, दोन दाबा'. ज्याला माणसाशी बोलायचं होतं तो मग गूगलकडे वळला. तिथे नकाशावरच्या माहितीत बदल सुचवण्याची मुभा कुणालाही! २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाने राज्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या, त्या याच्याच: शाखेचं नाव-पत्ता खरा, फोन मात्र भामट्याचा.

मास्तरांचं कुरिअर अडकलं होतं. शोधात पहिला दिसला तो नंबर त्यांनी फिरवला. पलीकडचा माणूस 'सर, सर' करत अदबीने बोलला. पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरून नोंद करा म्हणाला. त्यासाठी एक 'सपोर्ट'चं अ‍ॅप उतरवायला लावलं. त्यात नऊ आकडे उमटले. ते त्याने विचारले, मास्तरांनी वाचून दाखवले, मग पडद्यावर आलेल्या विनंतीला होकारही दिला. तेव्हापासून त्यांचा पडदा त्यालाही दिसत होता. पाच रुपयांसाठी फॉर्ममध्ये कार्डाचा नंबर भरला, तो त्याने टिपला. बँकांची बरीच अ‍ॅप अशा वेळी पडदा काळा करतात, पण एसएमएसने आलेला ओटीपी मास्तरांच्या फोनवर सरळ झळकला. मास्तर शपथेवर सांगतात, 'मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही.' खरंच आहे, सांगावा लागलाच नाही.

रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन हीच नऊ आकड्यांची युक्ती फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना कळवली होती. मास्तरांपर्यंत तो इशारा पोचला नाही. पैसे कापल्याचे मेसेज आले तरी ते फोनवरच होते, कारण 'रिफंड होतोय, कट करू नका' असं पलीकडून चाललं होतं. त्या क्षणी इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० लावला असता, तर चोराच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता आली असती. पुढच्या खात्यांत पांगलेली रक्कम हाती लागणं कठीण.

बँकेने नियम दाखवला: ग्राहकाच्या हयगयीने गेलेले पैसे, कळवेपर्यंत, ग्राहकाचेच. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तसं म्हटलं होतंच. पण हयगय फक्त मास्तरांची? त्या कुरिअर कंपनीच्या संकेतस्थळावर मी खरा नंबर शोधत बसलो. तक्रारीचा फॉर्म मिळाला, त्यात माझा मोबाइल नंबर भरणं सक्तीचं होतं. त्यांचा कुठेच नव्हता.