शाकाहारी ताट आणि वाढलेले कोलेस्टेरॉल

मांस-मासे नाहीत, अंडेही नाही, तरीही रक्ताच्या अहवालात ‘एलडीएल १४८’ लिहून येते आणि घरातले सगळे चक्रावतात. वसई-विरारच्या पट्ट्यात, चांदीपसारख्या गावातल्या पन्नाशीच्या आसपासच्या शाकाहारी गृहिणीच्या बाबतीत हे अगदी शक्य आहे. वनस्पतिजन्य अन्नात कोलेस्टेरॉल नसते हे खरे, पण रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. शिवाय पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी होते आणि एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, वर सरकते. त्याच वेळी ताटात संपृक्त चरबी भरपूर असेल, तर यकृत रक्तातले एलडीएल उचलण्याचे काम मंदावते.

ही संपृक्त चरबी शाकाहारी घरात कुठून येते? एक नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. भाजी-आमटीत मिळून अर्धी वाटी ओले खोबरे (सुमारे ४० ग्रॅम), भात-भाकरीवर दोन चमचे तूप, चहा-दह्यातून २०० मिली म्हशीचे दूध आणि संध्याकाळच्या चहाबरोबर चार खाऱ्या. खोबऱ्यातून अंदाजे १२ ग्रॅम, तुपातून ६, दुधातून ९ आणि खारीतून आणखी सहाएक ग्रॅम संपृक्त चरबी पोटात जाते. बेरीज तेहतीसच्या घरात. दिवसाला १८०० कॅलरी लागणाऱ्या बाईला, एलडीएल कमी करायचे असेल, तर ही चरबी १४ ग्रॅमच्या आसपास हवी. म्हणून या बेरजेला हात न लावता सकाळी नुसते ओट्स सुरू केले, तर फारसे काही घडत नाही. ओट्स ‘वाढवायचे’ नसतात, कशाच्या तरी जागी आणायचे असतात.

ओट्सचे काम तसे साधे आहे. त्यांतला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू आतड्यात चिकट जेलीसारखा होतो आणि पित्ताम्ले अडकवून शौचावाटे बाहेर नेतो. नवे पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागते, ते रक्तातून ओढले जाते. पण त्यासाठी दिवसाला सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागते. ४० ग्रॅम ओट्समधून दीडएक ग्रॅमच मिळते. उरलेले जवातून भरून काढता येते. ज्वारीच्या पिठात जवाचे पीठ मिसळून केलेल्या भाकऱ्यांतून दिवसाला ३० ते ४० ग्रॅम जव पोटात गेले, की हिशेब जुळतो. ओट्स साधे, चपटे केलेले घ्यावेत. मसाल्याच्या तयार पाकिटात मीठ आणि मैद्याचे चुलतभाऊ बरेच असतात.

कॅनडातील टोरंटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स यांनी असे पदार्थ एकत्र करून एक आहार बांधला. त्यात ओट्स, जव, सोया, बदाम, भेंडी आणि वांगे होते, शिवाय वनस्पतिजन्य स्टेरॉल मिसळलेले मार्गारीन. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सगळे जेवण ठरवून दिले होते आणि एलडीएल महिनाभरात सुमारे २८ टक्के उतरले. २०११ च्या दुसऱ्या प्रयोगात लोकांनी घरीच स्वयंपाक केला, तेव्हा घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. आपल्या घरात अपेक्षा या दुसऱ्या आकड्याची ठेवावी. १४८ चे १३० झाले, तर तो आठवड्याच्या मेनूचा चांगला निकाल आहे.

हा मेनू बसवताना डाळ-कडधान्याचा मोठा गोंधळ होतो. ‘आमच्याकडे रोज वरण असते’ असे सांगितले जाते, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ चमचा-दोन चमचेच असते. उपयोगी पडते ते रोजचे ५० ग्रॅम कोरडे कडधान्य, जे भिजवून शिजवल्यावर साधारण १३० ग्रॅम होते. एकदा काट्यावर मोजून कोणती वाटी भरते ते बघून ठेवावे, मग रोज मोजावे लागत नाही.

सोमवारी सकाळी ओट्स शिजवून त्यात केळे आणि टोन्ड दूध, दुपारी मसुराची घट्ट आमटी, दुधीची भाजी आणि ज्वारी-जवाची भाकरी. मंगळवारी ओट्स आणि भिजवलेल्या मुगाचे धिरडे. दुपारी वालाचे बिरडे, कारण या किनारपट्टीत ते सुटणार नाही आणि सुटूही नये. फक्त खोबरे एक मोठा चमचाच घालावे आणि रस दाट करायला थोडे वालच चेचून घ्यावेत. बुधवारी भाज्या घातलेला ओट्सचा उपमा, मटकीची उसळ आणि वांग्याची भाजी. गुरुवारी कुळथाचे पिठले आणि भेंडी. शुक्रवारी चवळी, शनिवारी सोयाचे तुकडे घालून पुलाव, भात एक वाटीच. रविवारी छोले हवेत तर जरूर, पण मैद्याच्या भटुऱ्याऐवजी न चाळलेल्या कणकेच्या पोळीबरोबर. रात्री बहुतेक दिवस भाकरी-भाजी आणि ताक, किंवा तांदळाइतकीच डाळ घातलेली मूगखिचडी. संकष्टीला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी. उपासाच्या साबुदाण्यात तंतू जवळजवळ नसतात.

संध्याकाळच्या खारीच्या जागी ३० ग्रॅम सुका मेवा, म्हणजे वीस-बावीस बदाम. परवडत नसतील तर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे जवळपास तेच काम करतात. मात्र यात १७० ते १८० कॅलरी असतात, म्हणून खारी सोडल्याशिवाय ते सुरू करू नयेत. खारी-टोस्ट-नानकटाई सोडण्याचे कारण केवळ मैदा नाही. मैदा आणि साखरेने मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाढतात. एलडीएलला धक्का देते ती त्यांतली पामतेलाची किंवा वनस्पती तुपाची चरबी. ‘ब्राउन’ ब्रेडच्या घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच समजावा.

आता हिशेब पुन्हा मांडू: खोबरे एक चमचा (२ ग्रॅम), तूप एक चमचा (३), टोन्ड दूध (४), दिवसाचे तीन छोटे चमचे तेल आणि सुका मेवा मिळून चार-पाच. बेरीज १४ च्या आसपास येते.

पहिल्या आठवड्यात पोट फुगते, म्हणून ओट्स आणि कडधान्य निम्म्याने सुरू करून पाणी वाढवावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पाण्याबरोबर उपाशीपोटी घेऊन ओट्स किमान अर्धा ते एक तासाने खावेत, कारण तंतू गोळीचे शोषण कमी करतात. थायरॉइड मंद असेल तर तेवढ्यानेही एलडीएल वाढते, तेव्हा टीएसएच तपासलेले नसेल तर आधी ते तपासावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळी आणि मेव्याचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. एलडीएल १९० च्या वर असेल, मधुमेह असेल किंवा हृदयविकार झालेला असेल, तर आहार औषधाच्या जोडीला असतो, त्याच्या बदल्यात नाही. चालू असलेली स्टॅटिनची गोळी स्वतःहून बंद करू नये. पुन्हा तपासणी आठ ते बारा आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. तेव्हाही आकडा हलला नसेल, तर आधी नारळ, दूध आणि तुपाची नोंद तीन दिवस लिहून पाहावी आणि तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जावा.