एंटर कुठे दाबायचा?

घरगुती मसाला, साड्या, दिवाळीचा फराळ असं काहीही विकायचं असलं, की आज फोटोखाली मजकूर लिहावा लागतो. माहिती सगळी द्यायची असते, म्हणून तो लांबतो. आणि फोनवर सलग दहा ओळींचा ठोकळा दिसला, की गिऱ्हाईक पुढे सरकतं. मग ज्यात किंमत दिलेली असते, तेच विचारायला फोन येतात.

समजा, गोडा मसाल्याची जाहिरात अशी आहे: ‘आमच्याकडे घरगुती पद्धतीने बनवलेला ताजा गोडा मसाला मिळेल रंग नाही पाव किलो २०० अर्धा किलो ३८० ऑर्डर शुक्रवारपर्यंत घरपोच फक्त पुणे’. तीच आता अशी वाचून पाहा:

*गोडा मसाला: पाव किलो ₹२००*
अर्धा किलो ₹३८०

🌶️ घरी भाजून कुटलेला, रंग न घातलेला

📦 ऑर्डर शुक्रवारपर्यंत
घरपोच फक्त पुण्यात

नाव आणि किंमत सर्वांत वर आली, कारण इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर दाबल्यावर उघडतो. तिथे २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण ‘नमस्कार मंडळी’ने सुरुवात केली, तर दिसणारी जागा त्यातच संपते.

ओळ भरली म्हणून एंटर दाबू नये. विषय बदलला की दाबावा. तुमच्या फोनवर नेमकी बसलेली ओळ लहान पडद्याच्या किंवा मोठी अक्षरं ठेवलेल्या फोनवर मध्येच मोडते आणि खाली एखादाच शब्द लोंबकळत राहतो. स्पेस देत देत किमती एकाखाली एक आणल्या, तर त्याही दुसऱ्या फोनवर विस्कटतात, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. त्यापेक्षा एका ओळीत एक वजन आणि त्याची किंमत लिहावी. दोन विषयांमध्ये एक रिकामी ओळ पुरते.

इमोजी ओळीच्या सुरुवातीला एकच ठेवावा, म्हणजे नजर तिथे थांबते आणि खाली काय आहे ते कळतं. शब्दाच्या जागी मात्र तो वापरू नये. दृष्टिहीन ग्राहकाचा फोन मजकूर वाचून दाखवतो, तेव्हा इमोजीचं नावही उच्चारतो. ओळीने पाच फुलं टाकली, तर किमतीआधी त्याला फुलंच ऐकावी लागतात. नवे इमोजी जुन्या फोनवर नुसता चौकोन होऊन दिसतात, हेही लक्षात ठेवावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना * लावला, की तो ठळक होतो. तारा अक्षराला चिकटलेला हवा. मध्ये स्पेस राहिली, तर तारे तसेच दिसतात. इन्स्टाग्रामवर ही सोय नाही, म्हणून तिथे मजकूर चिकटवताना तारे काढावेत.

पाठवण्याआधी मजकूर स्वतःच्याच नंबरवर आणि घरातल्या सर्वांत लहान पडद्याच्या फोनवर पाठवून बघावा. किंमत, शेवटची तारीख आणि घरपोच कुठे, या तीन गोष्टी शोधाव्या न लागता सापडल्या, तर मांडणी जमली.