उन्हाळी एक, दुखणी तीन

उन्हाळ्यात लघवीला जळजळ होऊ लागली की आपल्याकडे 'उन्हाळी लागली' असे म्हणतात. मग घरात धने-जिऱ्याचे पाणी होते, सब्जा भिजत पडतो, नाचणीची आंबील ढवळली जाते. हे उपाय वाईट नाहीत. पण 'उन्हाळी' या एका शब्दाखाली तीन निरनिराळी दुखणी येतात: अंगातले पाणी कमी पडणे, मूत्रमार्गात जंतूंची लागण होणे, आणि मूतखडा. पहिले दुखणे पाण्याने बरे होते. दुसरे केवळ पाण्याने हटेल असा भरवसा धरता येत नाही, आणि तिसऱ्याची तऱ्हाच वेगळी. कोणते कोणते हे घरच्या घरी बऱ्याच अंशी कसे ओळखावे, ते आज पाहू.

एका घरातील गोष्ट सांगतो. एप्रिल महिन्यात पती-पत्नी दोघेही उसाच्या भांगलणीला जात होते. दिवसभराच्या कामाला दोघांत मिळून पाण्याची एकच कळशी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनाही लघवीला आग होऊ लागली. घरातल्या आजींनी दोघांना धने-जिऱ्याचे पाणी दिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवऱ्याला पूर्ण आराम पडला. बाईंची आग मात्र थांबली नाही. "त्यांना बरे वाटले, तसे मलाही वाटेल," म्हणून त्यांनी आणखी तीन दिवस तेच पाणी घेतले. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून १०२ ताप आला, ओकारी झाली आणि उजव्या बाजूला बरगडीखाली ठणका सुरू झाला. तेव्हा कुठे त्या दवाखान्यात आल्या. शेत तेच, ऊन तेच, कळशीही तीच. पण दुखणी दोन होती.

किती वेळा आणि किती?

दवाखान्यातील सिस्टरांनी त्यांना पहिला प्रश्न आगीविषयी विचारला नाही. "दिवसातून किती वेळा जावे लागते आणि प्रत्येक वेळी किती होते?" असे विचारले. सगळा उलगडा या प्रश्नात आहे.

अंगातले पाणी घामावाटे गेले की मूत्रपिंडे उरलेले पाणी राखून धरतात. त्यामुळे लघवी थोडी होते, कोऱ्या चहासारखी गडद होते आणि तिची धार लागते तेथे चरचरते. पण अशा माणसाला वारंवार जावे लागत नाही. उलट सकाळी गेलेला माणूस दुपार टळली तरी जात नाही. तोंड कोरडे पडते, डोके दुखते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. नवऱ्याचे असेच होते. दिवसभरात तो दोनदाच गेला होता.

जंतूंची लागण झाली असता याच्या उलट घडते. बहुधा हे जंतू आपल्याच आतड्यातले असतात. ते शौचाच्या जागेकडून मूत्रमार्गात शिरून मूत्राशयापर्यंत चढतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. म्हणूनच हे दुखणे स्त्रियांत अधिक. मूत्राशयाचे अस्तर सुजले की दोन चमचे लघवी साठली तरी ते भरल्यासारखे वाटते. अर्ध्या-अर्ध्या तासाला घाई होते, बसल्यावर चार थेंब येतात, शेवटी शेवटी जास्त आग होते, आणि उठल्यावर पुन्हा लागल्यासारखे वाटते. ओटीपोटात दुखते. लघवी गढूळ व दुर्गंधी होते, कधी तीत रक्तही दिसते. या बाईंना रात्रीतून सहा वेळा उठावे लागत होते. थोडक्यात, पाणी कमी पडले तर फेऱ्या कमी होतात, लागण झाली तर वाढतात.

नुसत्या रंगावर मात्र विसंबू नये. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी लघवी गर्द पिवळी होते आणि बीट खाल्ल्याने लालसर होऊ शकते. आणखी एक गोष्ट: फेऱ्या वाढल्या, पण प्रत्येक वेळी लघवी भरपूर होते आणि आग नाही, तहानही फार लागते, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

एका दिवसाची परीक्षा

ताप नसेल आणि माणूस एरवी धडधाकट असेल तर एक दिवस ही परीक्षा करून पाहावी. सावलीत बसून दुपारपासून झोपेपर्यंत थोडे थोडे करून दोन लिटरच्या आसपास पाणी, ताक किंवा पातळ आंबील घ्यावी. फार घाम गेला असेल तर दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी, तिच्यावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात विरघळवून घ्यावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असून ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ही परीक्षा करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गोष्टी पाहाव्यात. लघवीचा रंग गवताच्या काडीसारखा फिकट झाला आणि आगही गेली, तर पाणीच कमी पडले होते. रंग फिकट झाला, पण आग आणि घाई तशीच राहिली, तर ती उन्हाळी नव्हे; लागण समजून दवाखाना गाठावा. आमच्या या बाईंची लघवी दुसऱ्याच दिवशी फिकट झाली होती. खूण समोर होती, पण ती वाचता आली नाही. रंग सुधारला म्हणजे दुखणे ओसरले, असे त्यांना वाटले.

पाणी पिऊन लागण थोडी सुसह्य होते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून 'जरा बरे आहे' एवढ्यावर दुसरा आणि तिसरा दिवस घालवू नये. मूत्राशयातले जंतू वर चढून मूत्रपिंडात पोहोचले म्हणजे थंडी-ताप, ओकारी आणि बरगडीखालचे दुखणे सुरू होते. मग दुखणे अंगभर पसरण्याची भीती असते.

खडा असेल तर

मूतखड्याचे दुखणे बहुतेक वेळा आगीने सुरू होत नाही, कळेने सुरू होते. पाठीच्या एका बाजूला बरगडीखाली कळ उठते आणि पुढे जांघेकडे उतरते. ती लाटांसारखी येते आणि जाते. लागणीचा रोगी अंग आखडून पडून राहतो. खड्याचा रोगी एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतो, घामाघूम होतो, ओकतो. लघवीत रक्त दिसू शकते.

फसगत होते ती खडा खाली सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी अडकला म्हणजे. मग आग आणि घाई हुबेहूब लागणीसारखी होते. अशा वेळी आदल्या एक-दोन दिवसांत बाजूला कळ आली होती काय, पूर्वी कधी खडा पडला होता काय, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. लहान खडे, म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतचे, पुष्कळदा आपोआप पडतात. १० मिलिमीटरच्या वरचे क्वचितच. बिअर प्याली की खडा पडतो, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. बिअरने लघवी जास्त होते खरी, पण तीच अंगातले पाणीही काढून नेते. तिच्यावर भरवसा ठेवू नये. कळ चालू असताना बळेच घडेभर पाणी पिण्यानेही खडा ढकलला जात नाही.

खड्याबरोबर थंडी-ताप आला, किंवा लघवी अगदी थांबली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते आणि जीवावरही बेतते.

तपासणी कशी द्यावी

बाईंची लघवी तपासायला पाठवली तेव्हा सिस्टरांनी बाटली हाती देऊन नीट समजावले. आधी जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार बाटलीत धरावी. बाटली प्रयोगशाळेचीच घ्यावी. टॉनिकची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना तासाभरात पोहोचवावा, उशीर होणार असेल तर बर्फात ठेवावा. सूक्ष्मदर्शकाखाली पाचाहून पुष्कळ अधिक पू-पेशी दिसल्या तर लागणीचा संशय बळावतो. खड्यामुळेही पू-पेशी वाढतात, म्हणून केवळ त्या आकड्यावर निकाल लागत नाही. जंतू वाढवून पाहण्याची 'कल्चर' ही तपासणी कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडते, हे सांगते. तिचा नमुना औषधाची पहिली गोळी घेण्याआधी द्यावा लागतो. खड्याचा संशय असेल तर सोनोग्राफी करतात. मात्र मूत्रनलिकेच्या मधोमध असलेला बारीक खडा तीत कधी कधी दिसत नाही.

बाईंच्या लघवीत पू-पेशी भरपूर होत्या, सोनोग्राफीत खडा नव्हता. लागण मूत्रपिंडापर्यंत गेली होती. दोन दिवस इंजेक्शने आणि पुढे आठ दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या. पहिल्या दिवशी आल्या असत्या तर बहुधा पाच दिवसांच्या गोळ्यांत काम भागले असते.

गोळ्यांबाबत एक सूचना. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या किंवा दुकानदाराने दिलेले नॉरफ्लॉक्सासिन आपल्या मनाने घेऊ नये. पुष्कळ जंतू आता त्याला दाद देत नाहीत आणि दोन गोळ्यांनी कल्चरचा निकालही बिघडतो. आग शमवणारे गोड सिरप फक्त आग शमवते, जंतू मारत नाही.

ज्यांनी एक दिवसही थांबू नये

गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेही आणि पूर्वी खडा झालेले यांनी आग होताच दवाखान्यात जावे. गरोदरपणी ही लागण मूत्रपिंडात लवकर चढते आणि बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका असतो. पुरुषाला लागण झाली तर तिच्यामागे काही कारण असण्याचा संभव असतो. पन्नाशीनंतर धार बारीक झाली असेल तर तेही सांगावे. अंगावरून पांढरे जाऊन बाहेर खाज व आग होत असेल तर दुखणे मूत्राशयाचे नसून वेगळे असू शकते. तेही लाज न धरता सांगावे.

आता शेताविषयी. आपल्या कितीतरी भगिनी शेतात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी दिवे लागेपर्यंत दाबून ठेवतात. पहिल्याने खडा धरतो, दुसऱ्याने जंतूंना वाढायला सवड मिळते. उन्हात काम असेल तेव्हा तहानेची वाट न पाहता तासाला दोन-तीन पेले पाणी घ्यावे आणि तीन-चार तासांनी लघवीला जावे. पती-पत्नींच्या संबंधानंतर स्त्रीने लघवी करून यावे आणि शौचानंतर पुढून मागे धुवावे. त्या घरात आता भांगलणीला दोन कळश्या जातात, आणि बांधाच्या कोपऱ्यात चार वासे रोवून तट्ट्यांचा एक आडोसा उभा केला आहे. शेजारच्या दोन शेतांतल्या बायाही तोच वापरतात.